आठ ओळींचा पंप

जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी आणि खालचे पाणी वर चढवणारा पंप. शहरातल्या बहुतेक सोसायट्यांचे पाणी याच वाटेने नळाला येते. रोज कोणीतरी उठून पंप चालू-बंद करायचा कंटाळा आला, की वायरमनला बोलावले जाते. दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच सोडले जातात आणि वायरमन एकच प्रश्न विचारतो, पंप नेमका केव्हा चालायला हवा?

समजा, सेक्रेटरींनी उत्तर दिले, ‘‘खाली पाणी असेल आणि वरची टाकी भरायची असेल, तेव्हा चालू दे. शिवाय खाली पाणी असेल, वरची टाकी भरलेली असेल, पण कोणी हाताने बटण दाबले असेल, तेव्हाही चालू दे.’’ दुसरी सोय पार्किंग धुण्यासाठी. पंपाच्या पाइपवरच एक नळ काढलेला आहे.

उत्तर बरोबर आहे, पण लांब आहे. ते आखडता येईल का, आणि आखडल्यावर अर्थ तोच राहिला याची खात्री कशी करायची, हे दोन प्रश्न महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत दोन वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात. कला शाखेत तर्कशास्त्राच्या तासाला आणि विज्ञान शाखेत गणिताच्या तासाला. बारावीच्या गणितात तर या प्रकरणात स्विच आणि दिव्यांची मंडलेही काढायला सांगतात. ती मंडले तिथे सजावटीसाठी आलेली नाहीत. 1937 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधात दाखवले, की रिले आणि स्विच यांची जोडणी आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचे तर्कशास्त्र एकाच नियमांनी चालते. दोन स्विच सिरीजमध्ये जोडले म्हणजे ‘आणि’, पॅरलल जोडले म्हणजे ‘किंवा’. वायरमनचे काम आणि तर्कशास्त्राचे काम तिथे एक झाले.

आधी सेक्रेटरींचे वाक्य सुटे करून घ्यावे लागते. त्यात तीन साधी विधाने आहेत. p म्हणजे ‘खालच्या टाकीत पाणी आहे’, q म्हणजे ‘वरची टाकी भरायची आहे’ आणि r म्हणजे ‘बटण दाबले आहे’. प्रत्येक विधान एका क्षणी सत्य असते किंवा असत्य, मधले काही नसते. ‘टाकी बऱ्यापैकी भरली आहे’ हे इथे चालत नाही. ‘बऱ्यापैकी’ची रेघ कुठे आखायची हे फ्लोट ठरवतो आणि ती आखल्याशिवाय कोष्टक मांडता येत नाही.

‘आणि’साठी ∧, ‘किंवा’साठी ∨ आणि ‘नाही’साठी ~ अशी चिन्हे वापरली, की सेक्रेटरींचे दोन वाक्यांचे उत्तर असे दिसते:

```
(p ∧ q) ∨ (p ∧ ~q ∧ r)
```

वायरमनच्या भाषेत याला पाच कॉन्टॅक्ट लागतात. p दोनदा येतो, q एकदा सरळ आणि एकदा उलटा, r एकदा. उलटा q म्हणजे त्याच फ्लोटचा दुसरा कॉन्टॅक्ट, जो पहिला उघडला की बंद होतो.

आता सत्यता कोष्टक. तीन विधाने, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणून 2 × 2 × 2 म्हणजे आठ ओळी. ओळी आठवेल तशा लिहिल्या, की एखादी गळते आणि एखादी दोनदा येते. परीक्षेतली ही सर्वांत साधी आणि सर्वांत महाग चूक. म्हणून एक क्रम ठरलेला आहे. पहिल्या स्तंभात चार सत्य आणि चार असत्य, दुसऱ्यात दोन-दोनच्या जोड्या आणि तिसऱ्यात एकाआड एक. सत्यासाठी T आणि असत्यासाठी F लिहायचे. मग सूत्राचे तुकडे आतून बाहेर सोडवायचे, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र स्तंभ द्यायचा:

```
p  q  r | p∧q | p∧~q∧r | पंप
T  T  T |  T  |   F    |  T
T  T  F |  T  |   F    |  T
T  F  T |  F  |   T    |  T
T  F  F |  F  |   F    |  F
F  T  T |  F  |   F    |  F
F  T  F |  F  |   F    |  F
F  F  T |  F  |   F    |  F
F  F  F |  F  |   F    |  F
```

शेवटचा स्तंभ वरून खाली वाचला, की सूत्रात न दिसलेली गोष्ट दिसते. खालच्या चारही ओळींत F आहे, म्हणजे p असत्य असेल तर बाकी काहीही असो, पंप बंदच. वरच्या चार ओळींत फक्त एका ठिकाणी F आहे, जिथे q आणि r दोन्ही असत्य आहेत. थोडक्यात, खाली पाणी हवेच. त्याशिवाय टाकी भरायची असावी किंवा बटण दाबलेले असावे. सूत्रात सांगायचे तर p ∧ (q ∨ r). पाचाऐवजी तीन कॉन्टॅक्ट.

इथे डोळ्यांनी ओळखले, कारण ओळी आठच होत्या. ओळी वाढल्या की नजर थकते, आणि ‘असे दिसते’ म्हणजे काही सिद्धता नव्हे. म्हणून दुसरी वाट आहे ती नियमांची. प्रत्येक नियम सांगतो, की अमुक आकाराचे सूत्र तमुक आकाराच्या सूत्राशी सममूल्य आहे, म्हणजे दोघांच्या कोष्टकांचा शेवटचा स्तंभ प्रत्येक ओळीत सारखा येतो. एकाच्या जागी दुसरे बसवले तरी कोणत्याही परिस्थितीत निकाल बदलत नाही. पंपाचे सूत्र असे आखडत जाते:

```
  (p ∧ q) ∨ (p ∧ ~q ∧ r)
≡ p ∧ (q ∨ (~q ∧ r))          वितरण
≡ p ∧ ((q ∨ ~q) ∧ (q ∨ r))    वितरण
≡ p ∧ (T ∧ (q ∨ r))           पूरक
≡ p ∧ (q ∨ r)                 अविकारक
```

पहिल्या पायरीत दोन्ही कंसांतला सामाईक p बाहेर काढला. अंकगणितात सामाईक गुणक बाहेर काढतात तसेच हे आहे, म्हणून कोणाला खटकत नाही. दुसऱ्या पायरीवर मात्र पुष्कळ विद्यार्थी थबकतात, आणि त्यांचे थबकणे योग्यच आहे. तिथे ‘किंवा’ हा ‘आणि’वर वाटला गेला आहे. आकड्यांच्या जगात असे चालत नाही. 2 + (3 × 4) म्हणजे 14, पण (2 + 3) × (2 + 4) म्हणजे 30. बेरीज गुणाकारावर वाटता येत नाही. तर्कात मात्र ‘आणि’ ‘किंवा’वर वाटता येतो आणि ‘किंवा’ही ‘आणि’वर वाटता येतो. शाळेच्या बीजगणिताने लागलेली सवय इथे आडवी येते, आणि नेमक्या याच नियमाने हे सूत्र इथे झटकन सुटते.

तिसऱ्या पायरीत q ∨ ~q आले. टाकी भरायची आहे किंवा नाही, यांतले एक नेहमी खरे असणारच, म्हणून त्याच्या जागी T. चौथ्या पायरीत ‘T आणि काहीतरी’ म्हणजे ते काहीतरीच. नेहमी खरी असलेली अट घातली काय आणि न घातली काय, सारखेच.

आता कंस. p ∧ (q ∨ r) लिहिताना कंस राहून गेला किंवा चुकीच्या जागी पडला, तर (p ∧ q) ∨ r असे होऊ शकते. कागदावर फरक एवढासा आहे. कोष्टकात p असत्य आणि r सत्य अशी ओळ बघितली, की तो केवढा आहे ते कळते. बरोबर सूत्र F देते, चुकलेले T देते. खाली पाणी नाही, कोणी बटण दाबले आणि पंप सुरू झाला, असा त्याचा अर्थ. कोरडा चालणारा पंप तापतो आणि त्याचे सील जळते. बटणाची वायर खालच्या फ्लोटला वळसा घालून थेट पंपाकडे नेली, की प्रत्यक्षात हेच घडते. सूत्रातला कंस आणि भिंतीवरची वायर ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

पंप केव्हा बंद असेल, हा प्रश्नही कामाचा आहे, कारण बंद असताना पेटणारा लाल दिवा लावायचा असेल तर त्याचे सूत्र वेगळे लागते. संपूर्ण सूत्राला नकार द्यायचा: ~(p ∧ (q ∨ r)). घाईत लोक सगळ्या अक्षरांना ‘नाही’ लावून मोकळे होतात आणि लिहितात ~p ∧ (~q ∨ ~r). हे चूक आहे. नकार कंसात शिरताना ‘आणि’चा ‘किंवा’ होतो आणि ‘किंवा’चा ‘आणि’. म्हणून बरोबर उत्तर ~p ∨ (~q ∧ ~r). खाली पाणी नाही, किंवा मग टाकी भरलेली आहे आणि बटणही दाबलेले नाही.

या नियमाला डी मॉर्गनचे नाव आहे. ऑगस्टस डी मॉर्गन लंडनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, पण त्यांचा जन्म 1806 साली मदुराईला झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. जगभरच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकांत ज्याचे नाव छापले जाते तो माणूस तमिळ भूमीवर जन्मला, ही गोष्ट आपल्या वर्गांतून सांगितली जायला हवी.

चुकीचे उत्तर पकडायला आठही ओळी लागत नाहीत. खालची टाकी रिकामी, वरची टाकी भरायची आहे आणि बटण दाबलेले, म्हणजे F T T ही एकच ओळ घ्यावी. पंप बंद आहे, तेव्हा लाल दिवा पेटायला हवा. ~p ∧ (~q ∨ ~r) मध्ये ~p सत्य, पण कंसातले दोन्ही असत्य, म्हणून निकाल F. दिवा विझलेला. दोन सूत्रे सममूल्य आहेत असे म्हणायला प्रत्येक ओळ जुळावी लागते. ती सममूल्य नाहीत असे म्हणायला एक ओळ पुरते. कोष्टकाची खरी ताकद या विषमतेत आहे.

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ इथपर्यंत भाषा फारशी त्रास देत नाही. खरा गोंधळ ‘तर’पाशी सुरू होतो. सोसायटीच्या फलकावर लिहिलेले असते, ‘मेंटेनन्स उशिरा भरला तर दंड पडेल.’ उशीर म्हणजे u आणि दंड म्हणजे d धरले, तर हे u → d. याच्या कोष्टकात फक्त एका ओळीत F येते: उशीर झाला आणि दंड पडला नाही. ज्याने वेळेत भरले त्याच्या बाबतीत हे वाक्य मोडलेलेच नाही, म्हणून त्या दोन्ही ओळींत T. नवख्याला हे विचित्र वाटते. पण वाक्य मोडले असे केव्हा म्हणता येईल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारला, की चारही ओळी आपोआप भरल्या जातात.

त्या कोष्टकाशी तंतोतंत जुळणारे दुसरे सूत्र आहे ~u ∨ d. पुस्तकात तो पाठ करायचा नियम म्हणून येतो. मराठी बोलणाऱ्याला मात्र तो लहानपणापासून येत असतो. ‘वेळेत भरा, नाहीतर दंड पडेल.’ या वाक्यात ‘उशीर नाही’ किंवा ‘दंड’ असा पर्याय दिला आहे, आणि तो जोडणारा शब्द पाहा. ‘नाहीतर’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘तर’. आपण ‘किंवा’ म्हणून वापरतो त्या शब्दाच्या पोटातच नकार आणि ‘तर’ बसलेले आहेत. सममूल्यतेचा एक नियम मराठीने एका शब्दात शिवून ठेवला आहे.

त्याच भाषेत एका अक्षराने अर्थ उलटतो, तेही पंपावरच बघता येते. s म्हणजे ‘पंप चालू आहे’ असे धरू. ‘खाली पाणी असेल तर पंप चालेल’ हे p → s. ‘खाली पाणी असेल तरच पंप चालेल’ हे s → p. ‘च’ आला आणि बाण फिरला. खाली पाणी आहे, वरची टाकी भरलेली आहे, बटण दाबलेले नाही, म्हणून पंप बंद आहे अशी नेहमीची दुपार घ्या. p सत्य, s असत्य. पहिले वाक्य मोडले, दुसरे शाबूत राहिले. आपल्या पंपाबद्दल खरे आहे ते ‘तरच’चे वाक्य. पंप बंद दिसला म्हणून खाली पाणी नसणार असे मानून टँकर मागवणारा रहिवासी ‘तरच’ला ‘तर’ समजून बसलेला असतो. s → p या विधानाशी सममूल्य आहे ते ~p → ~s: पाणी नसेल तर पंप बंद. उलट दिशेने, पंप बंद तर पाणी नाही, असे ते कधीच म्हणत नाही.

कोष्टकाला मर्यादा दोन आहेत. पहिली संख्येची. प्रत्येक नव्या विधानाने ओळी दुप्पट होतात. चार विधानांना 16, दहांना 1,024 आणि विसांना 10,48,576. विसांपर्यंत संगणक हे सहज करतो, पण मोठ्या चिपच्या तपासणीत विधाने हजारोंनी असतात आणि तिथे सगळ्या ओळी लिहिणे कोणत्याच यंत्राला शक्य नाही. एखादे सूत्र निदान एका ओळीत तरी सत्य होते का, हा प्रश्न नेहमी झटपट सोडवणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. ती सापडली तर इतर असंख्य अवघड प्रश्नही तसेच सुटतील, हे स्टीफन कुक यांच्या 1971 सालच्या निबंधापासून माहीत आहे. नियमांची वाट कधीकधी फार जवळची असते, पण कोणता नियम केव्हा लावायचा हे नियम सांगत नाहीत. तो सराव आहे.

दुसरी मर्यादा वेळेची. कोष्टकातल्या ओळी स्थिर क्षणांची चित्रे आहेत. एका ओळीवरून दुसरीवर जाताना काय होते हे त्यांत नसते. मूळ पाच कॉन्टॅक्टची जोडणी पुन्हा पाहा. खाली पाणी आहे, बटण दाबलेले आहे आणि वरची टाकी नुकतीच भरते आहे. कोष्टक सांगते, आधीही T आणि नंतरही T. पण फ्लोट पलटताना q चा कॉन्टॅक्ट आधी उघडतो आणि ~q चा नंतर बंद होतो. त्या मधल्या क्षणी दोन्ही वाटा तुटलेल्या असतात आणि रिले फडफडू शकतो. p ∧ (q ∨ r) मध्ये बटणाची वाट q वर अवलंबूनच नाही, म्हणून तिथे खंड पडत नाही. इथे आखडलेले सूत्र अधिक सुरक्षित निघाले. नेहमी तसे होईलच असे नाही. काही मंडलांत नेमका असा खंड टाळण्यासाठी जादा कॉन्टॅक्ट मुद्दाम ठेवतात. सममूल्य सूत्रे अर्थाने एक असतात, तारेत एक असतीलच असे नाही.

शेवटी एक युक्ती, वहीत सूत्रे सोडवणाऱ्यांसाठी. नियम लावताना चूक झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली हे शोधायला पूर्ण कोष्टक लागत नाही. समजा, एखाद्याने वरच्या दुसऱ्या पायरीत ∧ ऐवजी ∨ लिहिला:

```
  p ∧ (q ∨ (~q ∧ r))
≡ p ∧ ((q ∨ ~q) ∨ (q ∨ r))
≡ p ∧ T
≡ p
```

उत्तर p आले, म्हणजे खाली पाणी असले की पंप सदैव चालू. वरची टाकी वाहून जाईल. आता मूळ सूत्र आणि उत्तर जिथे जुळत नाहीत अशी एक ओळ घ्यावी: T F F. ती प्रत्येक पायरीत घालून बघावी. पहिल्या सूत्रात F येते, दुसऱ्यात T, तिसऱ्यात T, चौथ्यात T. किंमत पहिल्या आणि दुसऱ्या सूत्रांच्या मध्ये बदलली, म्हणून चूक तिथेच आहे आणि तिच्यामागच्या पायऱ्या पुन्हा तपासाव्या लागत नाहीत. पुढच्या वेळी उत्तर जुळले नाही तर सगळे खोडून नव्याने सुरू करू नका. आधी ही एक ओळ वरपासून खालपर्यंत चालवून पाहा.